बुडालेले येणे आणि बुडू शकणारे येणे

मार्चअखेर आली की छोट्या कारखानदाराच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास निघतो: खतावणीत वर्षानुवर्षे पडून असलेल्या जुन्या येण्यांचे काय करायचे? मालकाला ती बाकी काढून टाकायची नसते, कारण काढली की पैसे सोडले असे वाटते. बँकेचे कर्ज असेल तर ताळेबंद जितका भरलेला दिसेल तितके बरे, असाही हिशेब असतो. करसल्लागार म्हणतो, नफा जास्त दिसतोय, थोडे बुडीत टाका. या ओढाताणीत ठरतो तो आकडा बहुधा करासाठी सोयीचा असतो. कोणती पार्टी पैसे देणार आणि कोणती नाही, हे तो सांगत नाही.

खरे तर इथे दोन वेगळी विधाने एकत्र होतात. निर्लेखन करताना व्यावसायिक म्हणतो, ‘या अमक्याकडून हे पैसे आता येत नाहीत.’ तरतूद करताना तो म्हणतो, ‘या सगळ्यांपैकी काही जण पैसे बुडवतील, कोण ते आज सांगता येत नाही, पण साधारण किती ते सांगता येते.’ पहिले विधान नावानिशी असते, दुसरे अंदाजाचे. वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना ‘आरडीडी’ म्हणून आठवते ते हे दुसरे. हिशेबशास्त्राला दोन्ही हवी आहेत. प्राप्तिकर कायदा पहिले मान्य करतो आणि दुसरे नाकारतो. जीएसटी कायदा दोन्हींकडे पाठ फिरवतो. या तीन वेगळ्या उत्तरांचा मेळ कसा घालायचा, याचा हा आढावा.

कायदा इथवर कसा आला

प्राप्तिकर अधिनियम, 1961 मधील कलम 36(1)(vii) बुडीत येण्यांची वजावट देत असे. 1989 पूर्वी ही वजावट मिळवायची तर येणे त्याच वर्षात बुडाले, हे सिद्ध करावे लागे. यात करदात्याची पुरती कोंडी व्हायची. लवकर दावा केला तर अधिकारी म्हणायचा, अजून वसुलीची आशा आहे. उशिरा केला तर म्हणायचा, हे दोन वर्षांपूर्वीच बुडाले होते, तेव्हा का नाही मागितले? एकच येणे वर्षानुवर्षे अपिलात फिरत राही.

1 एप्रिल 1989 पासून कलम बदलले. येणे वसूल न होणारे म्हणून वहीत निर्लेखित केले, की त्या वर्षी वजावट. तरीही खटले थांबले नाहीत. शेवटी 2010 मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की येणे खरोखर बुडाले हे सिद्ध करण्याची गरज नाही, वहीतले निर्लेखन पुरेसे आहे. 30 मे 2016 रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक 12/2016 काढून हीच भूमिका स्वीकारली आणि या मुद्द्यावर खात्याने अपिले करू नयेत असे सांगितले.

सवलत मिळाली, पण तिला दोन कुंपणे आहेत. पहिले, ते येणे या किंवा मागच्या एखाद्या वर्षी उत्पन्नात धरलेले असले पाहिजे. सावकारी आणि बँकिंगला त्यात वेगळी वाट आहे. म्हणून पुरवठादाराला दिलेला आगाऊ पैसा बुडाला, किंवा मित्राला दिलेले हातउसने परत आले नाही, तर ते या कलमात बसत नाही. आगाऊ पैशाचा दावा फार तर व्यावसायिक तोटा म्हणून करता येतो. हातउसन्याला तीही वाट नाही. रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या डॉक्टरांची न आलेली फीही यात येत नाही, कारण ती कधी उत्पन्न म्हणून दाखवलेलीच नसते. आणि कलम 44AD खाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवणाऱ्याला बुडीत येण्याची वेगळी वजावट नाही. सगळे खर्च त्या टक्केवारीत आले असे धरले जाते.

दुसरे कुंपण तरतुदीचे. 2001 च्या वित्त अधिनियमाने एक स्पष्टीकरण घातले, तेही 1989 पासून लागू धरून: बुडीत व संशयित येण्यांसाठी केलेली तरतूद म्हणजे निर्लेखन नव्हे. बँकांना तरतुदीची वेगळी सवलत आहे, छोट्या व्यापाऱ्याला नाही. 2010 च्याच विजया बँकेच्या निकालात न्यायालयाने थोडी मोकळीक दिली. नफातोटा पत्रकात रक्कम खर्ची टाकून ताळेबंदात येण्यांतून तेवढी प्रत्यक्ष वजा दाखवली असेल, तर प्रत्येक ग्राहकाचे खाते बंद केलेले नसले तरी चालते. हजारो खाती असलेल्या बँकेला हे उपयोगी आहे. पन्नास ग्राहकांच्या वर्कशॉपने मात्र त्याच्या आधारावर राहू नये. नावानिशी नोंद करणे सोपे आणि वादाबाहेरचे असते.

प्राप्तिकर अधिनियम, 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. निर्लेखनाला वजावट, छोट्या व्यावसायिकाच्या तरतुदीला नाही, हे तत्त्व मात्र कायम आहे. खालचे उदाहरण जुन्या कायद्यातल्या वर्षाचे आहे.

एका वर्कशॉपचा हिशेब

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक भागीदारी संस्था धरू. संस्था आणि आकडे उदाहरणापुरते आहेत. 31 मार्च 2025 रोजी तिची येणी 40 लाख रुपये आहेत, जीएसटी धरून. बिलाच्या तारखेनुसार वय लावले तर चित्र असे: 90 दिवसांच्या आतली 24 लाख, 91 ते 180 दिवसांची 8 लाख, त्यापुढे वर्षापर्यंतची 4 लाख, एक ते दोन वर्षांची अडीच लाख आणि त्याहून जुनी दीड लाख.

पहिले काम म्हणजे जे येणे मुळात येणेच नाही ते बाजूला काढणे. वर्षाच्या आतल्या 4 लाखांत जुलै 2024 चे 59,000 रुपयांचे एक बिल आहे. मापात चूक म्हणून ग्राहकाने तो माल परत पाठवला. माल वर्कशॉपमध्ये पडून आहे, पण कागद झालेला नाही. हे बुडीत येणे नाही, विक्री परतावा आहे. त्यासाठी क्रेडिट नोट काढायची, म्हणजे बिलातला 9,000 रुपयांचा जीएसटीही कमी होतो. 2024-25 च्या बिलासाठी ही मुदत 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत होती; वार्षिक विवरणपत्र आधी भरले तर तोपर्यंतच. असे वाद वर्षानुवर्षे खात्यावर पडू दिले आणि मग बुडीत म्हणून काढले, तर कर परत मिळवण्याची वाट आपणच बंद करतो.

दुसरे काम निर्लेखनाचे. दोन वर्षांहून जुन्या दीड लाखात एकाच ग्राहकाचे 1,18,000 आहेत: माल एक लाखाचा, जीएसटी 18,000. कारखाना बंद पडला, यंत्रे बँकेने लिलावात विकली, नोंदणीकृत टपालाने पाठवलेले पत्र ‘पत्त्यावर नाहीत’ असा शेरा घेऊन परत आले. हे नावानिशी काढायचे. जर्नल नोंद साधी: बुडीत कर्ज खाते नावे, त्या ग्राहकाचे खाते जमा, रुपये 1,18,000. कायदा पुरावा मागत नसला तरी परत आलेले पाकीट, लिलावाची जाहिरात आणि भागीदारांनी सही केलेले निर्णयाचे टिपण एका फाइलीत ठेवावे. निर्लेखन खोटेच आहे असा संशय आला, तर अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्यापासून टीआरएफचा निकाल रोखत नाही.

या दोन नोंदींनंतर येणी 38,23,000 उरतात. आता तिसरे काम: अडचणीत आलेल्या, पण आशा न संपलेल्या ग्राहकांकडे एकेक करून पाहणे. एक ते दोन वर्षांच्या गटात एका ग्राहकाचे एक लाख अडकले आहेत. त्याचा धनादेश परत आला आणि न्यायालयात तक्रार दाखल झाली आहे. ग्राहकाचा धंदा चालू आहे, तो हप्त्याची भाषा करतो. निम्मे येतील असे भागीदारांना वाटते, म्हणून 50,000 ची खास तरतूद.

चौथे काम उरलेल्यांवर वयानुसार दर लावणे. दर कुठून आणायचे, हा इथला कळीचा प्रश्न आहे. क्रमिक पुस्तकात ‘ऋणकोंवर 5 टक्के’ असे गणित असते आणि तेच पुढे धंद्यात येते. दर स्वतःच्या वहीतून निघायला हवा. मागची चार-पाच वर्षे घ्या आणि पाहा, की ज्या बिलांनी सहा महिन्यांची वेस ओलांडली त्यांतली शेवटपर्यंत न आलेली रक्कम किती. अशी 30 लाखांची बिले असतील आणि त्यांतले 3 लाख आलेच नसतील, तर त्या गटाचा दर 10 टक्के. प्रत्येक गटासाठी असेच. आपल्या वर्कशॉपला 90 दिवसांच्या आत अर्धा टक्का, 180 दिवसांपर्यंत 2, वर्षापर्यंत 10, दोन वर्षांपर्यंत 30 आणि त्यापुढे 75 टक्के असे दर मिळाले असे समजू. मग तरतूद होते अनुक्रमे 12,000, 16,000, 34,100, 45,000 आणि 24,000, एकूण 1,31,100. चौथ्या गटातून खास तरतुदीचे एक लाख आधी वगळले आहेत, नाहीतर एकाच येण्यावर दोनदा तरतूद होईल. त्यात 50,000 मिळवून वर्षअखेरची तरतूद 1,81,100.

सरसकट 5 टक्के लावले असते तरी 1,91,150 आले असते, म्हणजे जवळपास तेवढेच. मग एवढी खटपट कशाला? फरक पुढच्या वर्षी दिसतो. समजा एकूण येणी तेवढीच राहिली, पण 5 लाखांची बिले पहिल्या गटातून घसरत वर्षाच्या गटात गेली. सरसकट पद्धतीत तरतूद एका रुपयानेही हलत नाही. वयाच्या पद्धतीत ती 47,500 ने वाढते आणि नफा तेवढा घटतो. वसुली ढिली पडल्याची खबर पहिली पद्धत दाबून ठेवते.

तरतूद जीएसटीसह रकमेवर केली आहे, कारण तो कर संस्थेने सरकारजमा केलेला आहे. ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर तोही संस्थेच्याच खिशातून गेला. आणखी एक बाब हिशेब मानक 4 मधून येते. हिशेब ऑगस्टमध्ये पक्के होत असतील आणि मे महिन्यात एखादा ग्राहक दिवाळखोरीत गेला असेल, तर त्याची परिस्थिती 31 मार्चलाच बिघडलेली होती असे धरून मार्चच्या आकड्यात बदल करायचा.

नफातोट्यात एक, करात दुसरे

वर्षारंभी संस्थेकडे 1,20,000 ची जुनी तरतूद होती. नफातोट्यावर बोजा पडतो तो असा: बुडीत 1,18,000 अधिक नवी तरतूद 1,81,100 वजा जुनी 1,20,000, म्हणजे 1,79,100. ताळेबंदात येणी 38,23,000 दाखवून त्यातून 1,81,100 वजा करायचे, निव्वळ 36,41,900. तरतूद देण्यांच्या बाजूला ठेवली, तर येणी फुगलेली दिसत राहतात.

प्राप्तिकरासाठी उत्पन्न मोजताना तरतुदीतली निव्वळ वाढ, म्हणजे 61,100, नफ्यात परत मिळवायची. वजावट मिळते ती फक्त 1,18,000 ची. यावर अनेकांचा पुढचा प्रश्न असतो, मग कर वाचतच नसेल तर तरतूद करायचीच कशाला? उत्तर असे, की तरतूद करखात्यासाठी नाहीच. भागीदारांनी आपसांत वाटून घ्यायचा नफा खरा आहे की नाही, हे ती सांगते. तरतूद न करता 61,100 चा जास्तीचा नफा वाटून घेतला आणि पुढच्या वर्षी एक भागीदार बाहेर पडला, तर त्याने नेलेला नफा राहिलेल्यांना भरून काढावा लागतो.

त्या 1,18,000 मधल्या 18,000 बद्दल मात्र वाद होऊ शकतो. विक्री खात्यात एक लाखच गेले होते, कर वेगळ्या खात्यात; मग ते 18,000 ‘उत्पन्नात धरले’ होते का? करदात्याच्या बाजूने दोन मुद्दे आहेत. कलम 145A नुसार विक्रीचे मूल्य करासह धरायचे असते. आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये एका शेअर दलालाच्या प्रकरणात म्हटले, की दलालीचा भाग उत्पन्नात आलेला असेल तर ग्राहकाकडून येणारी पूर्ण रक्कम, शेअरच्या किमतीसह, बुडीत म्हणून मागता येते. त्याच न्यायाने करासह पूर्ण येण्याचा दावा करता येतो. दावा करताना हा युक्तिवाद टिपणात आधीच लिहून ठेवावा.

पुढच्या वर्षी त्या बंद कारखान्याच्या मालकाने 40,000 आणून दिले तर? बँक खाते नावे आणि ‘बुडीत येणे वसूल’ खाते जमा. हे उत्पन्न आहे आणि कलम 41(4) नुसार करपात्रही आहे. हिशेबनीस सवयीने ती रक्कम पार्टीच्या खात्यात जमा करतो. खाते आधीच शून्य असल्याने तिथे 40,000 ची जमा बाकी दिसू लागते आणि आपण त्या ग्राहकाचे देणे लागतो असा भास होतो. यादीत एखाद्या जुन्या ग्राहकाची जमा बाकी दिसली, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

इथे मालकाची भीतीही दूर व्हावी. आपल्या वहीत येणे काढल्याने ग्राहकाचे देणे संपत नाही. दावा, तगादा, नोटीस सगळे चालू ठेवता येते. वसुलीची मुदत ठरते ती मुदतीच्या कायद्याने: सहसा तीन वर्षे, आणि ती संपण्याआधी ग्राहकाने लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरली, तर तिथून पुन्हा नव्याने मोजली जाते. म्हणूनच 31 मार्चचे बाकी पुष्टीपत्र सही घेऊन ठेवण्याला किंमत आहे. मात्र ग्राहकाला ‘तुमची बाकी सोडून दिली’ असे लिहून कळवले, तर तो आपल्याच हाताने देणे माफ केल्याचा पुरावा होतो.

जीएसटीतली पोकळी

सगळ्यांत मोठा न सुटलेला प्रश्न इथे आहे. वर्कशॉपने त्या बंद कारखान्याच्या बिलावर 18,000 रुपये कर त्याच महिन्यात भरला. पैसे आले नाहीत, तरी तो परत मिळत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम 34 क्रेडिट नोटची कारणे सांगते: बिलात किंमत किंवा कर जास्त लागणे, माल परत येणे, माल किंवा सेवा उणी ठरणे. येणे बुडणे हे त्यात नाही. ब्रिटनच्या व्हॅटमध्ये सहा महिने पैसे न आल्यावर, येणे निर्लेखित करून, भरलेला कर परत मागता येतो. आपल्याकडे तशी सोय नाही.

दुसऱ्या बाजूला, बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर ग्राहकाने घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट व्याजासह उलटवायचे असते. म्हणजे नियम पाळला गेला तर एकाच मालावर पुरवठादाराचा कर सरकारकडे राहतो आणि ग्राहकाचे क्रेडिटही परत जाते. या पोकळीत पुरवठादाराला एक शस्त्र मात्र मिळते. 150 व्या दिवशी ग्राहकाला पत्र पाठवून 180 दिवसांची आठवण करून दिली, की त्याचा स्वतःचा करसल्लागारच पैसे द्यायला सांगतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला आणखी एक आधार आहे: 1961 च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम 43B(h) नुसार त्याचे पैसे करार नसल्यास 15 दिवसांत, असल्यास फार तर 45 दिवसांत न देणाऱ्या ग्राहकाला त्या खरेदीची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. नुसत्या व्यापाऱ्याला हा आधार नाही.

वय खोटे निघते तेव्हा

वर मांडलेला सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: बिलाचे वय खरे असणे. छोट्या वह्यांत बिघाड इथेच होतो. टॅलीमध्ये पैसे कोणत्या बिलापोटी आले ते `Agst Ref` ने जोडायचे असते. घाईत ते `On Account` टाकले, की जुनी बिले उघडीच राहतात आणि आलेला पैसा वेगळा लोंबकळतो. बरोबर पैसे देणारा ग्राहकही यादीत थकबाकीदार दिसतो. याहून घातक प्रकार परत आलेल्या धनादेशाचा. त्याची नोंद `New Ref` ने केली, की दीड वर्षाचे येणे त्या दिवशी जन्मल्यासारखे पहिल्या गटात जाऊन बसते. बहुतेक बँका कॅश क्रेडिटची उचल मर्यादा काढताना 90 दिवसांपलीकडची येणी धरत नाहीत, त्यामुळे काही ठिकाणी हे चुकून होत नाही.

ओळखण्याच्या खुणा आहेत. वयाच्या यादीतल्या तारखा मूळ बिलांशी पडताळाव्यात, विशेषतः बिल क्रमांकाऐवजी धनादेशाचा क्रमांक दिसेल तिथे. गोल आकड्यांच्या `On Account` रकमा मोजाव्यात. आणि ज्याचे येणे निर्लेखित केले, त्यालाच पुढच्या महिन्यात पुन्हा उधारीवर माल गेला असेल, तर ते निर्लेखन कर वाचवण्यासाठीच होते असे समजावे. करखातेही तसेच समजेल. नातेवाइकाच्या संस्थेचे येणे काढताना हीच काळजी दुप्पट घ्यावी.

हे सगळे नीट झाले, तर वर्षअखेरीचा तो 1,79,100 चा आकडा भाव ठरवायला कामी येतो. आपल्या वर्कशॉपची वर्षाची विक्री 1 कोटी 60 लाख असेल, तर उधारी देण्याची किंमत विक्रीच्या सुमारे 1.1 टक्का पडली. निव्वळ नफा 8 टक्के असेल, तर एकट्या त्या बंद कारखान्याचे 1,18,000 भरून काढायला पावणेपंधरा लाखांचा जादा माल विकावा लागेल. एखादा नवा ग्राहक ‘90 दिवसांची उधारी द्या, भाव एक टक्का वाढवून देतो’ म्हणाला, तर तो सौदा फायद्याचा आहे की तोट्याचा, हे या दोन आकड्यांशिवाय सांगता येत नाही.